तीन मिनिटांचं साप्ताहिक अपडेट : प्रकल्प नोंदी, मार्च-एप्रिल २०२५

सोमवार, ३ मार्च २०२५

आजपासून दर सोमवारची तासाभराची टीम मीटिंग बंद. टीम वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये आहे, एकाची सकाळ असते तेव्हा दुसऱ्याची झोपायची वेळ असते आणि कुठलीही वेळ धरली तरी दोघं तिघं कायम अर्धवट जागे किंवा अर्धवट जेवलेले असायचे, आणि त्या तासात निम्मा वेळ मी एकटीच बोलत असायचे. जे मी एकटीच बोलते त्यासाठी सगळ्यांना एकाच वेळी बसवायचं कारण नाही. ते रेकॉर्ड करून टाकायचं, ज्याने त्याने आपापल्या वेळेला बघायचं. चर्चा लागेल तिथे वेगळा छोटा कॉल, तोही ज्यांचा संबंध आहे त्यांचाच.

ठरवलंय ते असं: दर गुरुवारी रेकॉर्डिंग, लांबी तीन मिनिटं, आत तीनच गोष्टी. काय पुढे सरकलं, काय अडकलंय, कुणाचे आभार. सोबत तेच थोडक्यात लिहून, म्हणजे ज्याला व्हिडिओ बघता येत नाहीये तो वाचेल आणि दोन महिन्यांनी कुणाला काही शोधायचं असेल तर ते सर्चमध्ये सापडेल, कारण व्हिडिओत सर्च होत नाही.

सोमवार किंवा शुक्रवार न घेता गुरुवार घेतला कारण अडथळा सांगितला की त्यावर हालचाल करायला आठवड्यातला निदान एक कामाचा दिवस उरायला हवा. शुक्रवारी संध्याकाळी टाकलेलं अपडेट सोमवारी शिळं होऊन लोकांसमोर येतं.

प्रकल्प तोच चालू आहे, जुन्या रिपोर्टिंग सिस्टिममधले बारा मासिक रिपोर्ट नवीन डेटाबेसवर आणायचे. टार्गेट होतं की मार्च महिन्याचे रिपोर्ट १ एप्रिलला नवीनवरून निघावेत.

मंगळवार, ४ मार्च

आज वेळेचं गणित मांडलं. मोबाइलचा स्टॉपवॉच लावून माझीच एक जुनी नोट नेहमीच्या वेगात मोठ्याने वाचली, मिनिटाला साधारण ११० शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांत ३३०, आणि मध्ये श्वास घ्यायला, स्क्रीनवर काही दाखवायला थांबायचं धरलं तर तीनशेच धरावेत. तीनशे शब्द म्हणजे हाताने लिहिलेलं जेमतेम दीड पान. हा आकडा समोर असला की काय गाळायचं ते आपोआप ठरतं.

१८० सेकंदांची वाटणी अशी केली: सुरुवातीला १० सेकंद, यात फक्त तारीख आणि या आठवड्यातली सर्वात महत्त्वाची एक गोष्ट. मग प्रगती ६०, अडथळे ७०, आभार ३०, आणि शेवटचे १० सेकंद कुणी कधीपर्यंत काय करायचंय त्याची उजळणी. अडथळ्यांना प्रगतीपेक्षा जास्त वेळ मुद्दाम दिलाय. प्रगती बोर्डवर दिसतेच, टिकेट कुठल्या रकान्यात आहे ते कुणीही बघू शकतं, पण एखादी गोष्ट का अडकलीय आणि ती सोडवायला मी काय करतेय हे बोर्डवर कुठेच नसतं. दूर बसलेल्या माणसाला तेच कळत नाही आणि मग तो गृहीत धरतो की कुणी काहीच करत नाहीये.

पूर्ण स्क्रिप्ट लिहायची का नुसते मुद्दे, यावर थोडा विचार केला. नुसत्या मुद्द्यांवरून बोललं तर आवाज मोकळा येतो पण वेळ हमखास वाढतो, आणि पूर्ण वाचून दाखवलं तर बातम्या वाचल्यासारखं वाटतं. मधला मार्ग घेते: अडथळ्यांचा भाग शब्दन्‌शब्द लिहायचा, कारण तिथे तारखा आणि जबाबदाऱ्या असतात, तिथे एक शब्द इकडचा तिकडे झाला तर अर्थ बदलतो. प्रगती आणि आभार मुद्द्यांवरून, बघून बोलल्यासारखे.

गुरुवार, ६ मार्च

पहिलं रेकॉर्डिंग. आजचा मुख्य अडथळा इथे नीट लिहून ठेवते कारण याच्यावरूनच पुढचा साचा ठरणार आहे.

बारापैकी पाच रिपोर्टमध्ये ग्राहकांची नावं, फोन नंबर असतात. ते नवीन डेटाबेसवर चालवून बघायला टेस्ट कॉपीचा रीड ॲक्सेस लागतो आणि तो अजून आलेला नाही. टीममध्ये सगळे म्हणत होते की "सिक्युरिटीकडे अडकलंय". मी काल सिक्युरिटीतल्या माणसाशी दहा मिनिटं बोलले तर कळलं की त्यांची काहीच हरकत नाही, त्यांच्या फॉर्मवर डेटा ओनरची मंजुरी लागते, आणि या डेटाचे ओनर आहेत लेखा विभागाचे प्रमुख, ज्यांना आपला फॉर्म आलाय हेच माहीत नव्हतं कारण तो एका सामाईक मेलबॉक्समध्ये पडला होता. म्हणजे अडथळा एका विभागाचा नव्हताच, एका सहीचा होता. असं खोलात जाऊन बघितल्याशिवाय तो व्हिडिओत सांगण्यात अर्थ नाही, नाहीतर "सिक्युरिटीकडे अडकलंय" हेच वाक्य दर आठवड्याला येत राहतं आणि उगाच त्या टीमबद्दल मनं कलुषित होतात.

मग बोलले ते असं:

"पाच रिपोर्टची तुलना थांबली आहे, ग्राहकांची माहिती असलेल्या पाच. कारण टेस्ट कॉपीचा ॲक्सेस नाही. विनंती २६ फेब्रुवारीला गेली. पुढचं पाऊल एकच आहे, लेखा विभागाच्या प्रमुखांची मंजुरी. ती मी मागतेय, उद्या त्यांच्याशी कॉल ठरलाय. मंगळवार ११ मार्चपर्यंत मिळाली नाही तर मी माझ्या वरिष्ठांकडे नेईन. तोपर्यंत या पाचांसाठी कुणी वाट बघत बसू नका, उरलेले सात रिपोर्ट ग्राहकांच्या माहितीला हात लावत नाहीत, त्यांचा ॲक्सेस आहे, सगळ्यांनी त्यांवर यायचं."

यात सहा गोष्टी आल्या: काय थांबलंय, कधीपासून, नेमकं कशामुळे, पुढचं पाऊल कुणाच्या हातात, ठरलेल्या तारखेपर्यंत नाही झालं तर काय, आणि तोपर्यंत काय करायचं. शेवटची गोष्ट बहुतेक अपडेट्समध्ये नसते आणि मला तीच सर्वात कामाची वाटते, कारण ऐकणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न तोच असतो की मग मी आज काय करू.

"लवकरच", "फॉलोअप चालू आहे", "बघतोय" हे शब्द स्क्रिप्टमध्ये आले की खोडायचे. त्यांच्या जागी तारीख आणि माणूस येत नसेल तर याचा अर्थ मला अजून ते माहीत नाही, आणि मग रेकॉर्ड करायच्या आधी एक फोन करायचा.

शुक्रवार, ७ मार्च

लेखा प्रमुखांशी कॉल झाला, त्यांची एकच अट आहे, ग्राहकांची नावं आणि नंबर झाकलेले असावेत. रास्त आहे. मास्किंग करून देतो म्हटलं.

व्हिडिओबद्दल: बघितल्याचं कुणी सांगावं लागत नाही, कामावरून दिसतं. काल रात्री आणि आज सकाळी दोघांनी पाचांपैकी हातातली कामं बाजूला ठेवून सातांपैकी एकेक उचललं, कुणी मला मेसेज करून विचारलं नाही. अडथळा नीट सांगितला गेला का, याची हीच खूण धरायची. व्हिडिओनंतर "मग आम्ही काय करायचं" असा प्रश्न आला तर पुढच्या वेळी शेवटचं वाक्य आणखी स्पष्ट करायचं.

व्ह्यू किती झाले, कुणी किती सेकंदांपर्यंत बघितलं, हे सगळं प्लॅटफॉर्म दाखवतो. नावानिशी बघायचं नाही असं ठरवलं आणि टीमला तसं लिहून कळवलं. इतक्या छोट्या टीममध्ये कुणी कितव्या सेकंदाला बंद केलं हे मॅनेजर बघतोय असं कळलं की लोक व्हिडिओ चालू ठेवून दुसरं काम करतात, आकडा चांगला दिसतो आणि ऐकत कुणी नाही.

गुरुवार, १३ मार्च

मंजुरी ११ तारखेला आली, आज ॲक्सेसही मिळाला. आजच्या अपडेटमध्ये अडथळ्यांच्या भागाची सुरुवात याच वाक्याने केली, की गेल्या आठवड्यात जो सांगितला तो सुटला, कसा सुटला आणि कुणामुळे. जुना अडथळा असाच हवेत सोडून नवीन सांगायला लागलं तर ऐकणाऱ्याला कळतच नाही की आधीच्याचं काय झालं. प्रत्येक आठवड्यात आधीच्या आठवड्याचे अडथळे नाव घेऊन बंद करायचे नाहीतर उघडे आहेत म्हणून सांगायचे, मध्ये काही गायब होता कामा नये.

आज जास्त वेळ प्रगतीच्या भागावर गेला. टीममधून आलेल्या नोट्समध्ये "८० टक्के झालं" असं दोन ठिकाणी होतं. हे मी व्हिडिओत घेत नाही, कारण ८० टक्के कशाचे ते सांगता येत नाही, क्वेरी लिहून झाली म्हणजे ८० का आकडे जुळले म्हणजे ८०? आमच्या कामात मोजता येईल असं एकच माप आहे: रिपोर्ट जुन्या आणि नवीन दोन्ही सिस्टिमवर मागच्या तीन महिन्यांसाठी चालवला आणि ओळीला ओळ, आकड्याला आकडा जुळला, की तो रिपोर्ट "झाला". त्याआधी तो झालेला नाही, मग क्वेरी कितीही सुंदर असो. या मापाने आज बारापैकी चार झाले. हाच आकडा बोलायचा, "चार झाले, आठ राहिले", आणि स्क्रीनवर बारा ओळींची साधी यादी, चारांपुढे खूण.

चारच का, यामागे एक गोष्ट आहे आणि ती सांगायला प्रगतीच्या ६० सेकंदांतले २५ दिले. तीन रिपोर्टमध्ये बेरीज शेवटच्या दशांशात चुकत होती, अगदी थोडी, पण प्रत्येक महिन्यात. क्वेरी बघणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने शोधून काढलं की जुनी सिस्टिम प्रत्येक ओळ आधी दोन दशांशांपर्यंत गोल करते आणि मग बेरीज करते, नवीन आधी बेरीज करते आणि शेवटी गोल करते. १०.००४ च्या तीन ओळी घ्या: जुन्यात प्रत्येक १०.०० होऊन बेरीज ३०.००, नवीनमध्ये बेरीज ३०.०१२ आणि गोल करून ३०.०१. दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण रिपोर्ट वाचणाऱ्यांना गेल्या वर्षीच्या आकड्यांशी जुळणारे आकडे हवेत, म्हणून जुनी पद्धत ठेवायची असं लेखा विभागाने सांगितलं.

हे व्हिडिओत घ्यायचं कारण असं की बाकीच्यांच्या रिपोर्टमध्येही हीच गोष्ट निघणार आहे, आणि हे उदाहरण ऐकलेलं असेल तर त्यांचा शोधण्यात जाणारा वेळ वाचेल. प्रगतीत काय घ्यायचं याची कसोटी मी हीच धरलीय, की एकाचं शिकलेलं दुसऱ्याच्या उद्याच्या कामात उपयोगी पडणार असेल तर घ्यायचं, नुसतं "यानेही काम केलं" हे दाखवायला कुणाचं काम घ्यायचं नाही. त्यासाठी बोर्ड आहे.

आभारही याचेच मानले. "उत्तम काम केलं" एवढंच म्हटलं असतं तर त्याला आणि इतरांना काहीच कळलं नसतं. म्हटलं ते असं, की शेवटच्या दशांशातला फरक किरकोळ म्हणून सोडून देता आला असता, त्याने दोन दिवस त्याचा माग काढला, आणि त्यामुळे तीन रिपोर्ट एकदम सुटले. काय केलं, कशामुळे ते सोपं नव्हतं, त्याने कुणाचं काय हलकं झालं. तीस सेकंदांत असे दोनच आभार नीट बसतात. सात जणांची नावं भराभर घेतली तर ती हजेरी होते.

मंगळवार, १८ मार्च

आज तांत्रिक बाजू मार्गी लावली, कारण टीममधल्या एकीने कळवलं की तिला कॅप्शन्स लागतात, ती बहुतेक वेळा घरात आवाज बंद ठेवूनच बघते, आणि दुसऱ्या एकाला ऐकायला त्रास आहे. वेबवरच्या सुलभतेसाठी जी डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यांत आधी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कॅप्शन्स असणं हा १.२.२ क्रमांकाचा निकष आहे आणि तो 'ए' म्हणजे अगदी पहिल्या पातळीवरच आहे. म्हणजे जमलं तर बघू अशी ही गोष्ट नाही.

आपोआप तयार होणारे कॅप्शन्स सुरुवातीला ठीक आहेत पण नेमके तिथेच चुकतात जिथे चुकायला नको, माणसांची नावं, तारखा, रिपोर्टची नावं, आणि आपण बोलतो तशी मराठी-इंग्रजी मिसळलेली वाक्यं. अडथळ्यांचा भाग मी लिहूनच बोलते त्यामुळे तिथे स्क्रिप्टच चिकटवता येते, बाकीचं दुरुस्त करायला दहा एक मिनिटं जातात. फाइल अशी दिसते:

```
WEBVTT

00:01:10.000 --> 00:01:15.500
पाच रिपोर्टची तुलना थांबली आहे.

00:01:15.500 --> 00:01:20.000
कारण: मास्किंग दोन टेबलांत वेगळं होतंय.
```

ही फाइल UTF-8 मध्येच सेव्ह करायची, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. एका वेळी स्क्रीनवर दोन ओळींपेक्षा जास्त नको.

आवाजाचं: चित्र थोडं अंधुक असलं तरी माणूस बघतो, आवाज घुमला की बंद करतो. माइक तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर, थोडा बाजूला, म्हणजे प आणि फ चा फुफकारा लागत नाही. रिकाम्या भिंतींच्या खोलीपेक्षा पडदे आणि पुस्तकं असलेल्या खोलीत बसायचं. आणि दर आठवड्याला आवाज कमी जास्त येऊ नये म्हणून शेवटी ही एक कमांड:

```
ffmpeg -i raw.mp4 -af loudnorm=I=-16:TP=-1.5:LRA=11 -c:v copy update-2025-03-20.mp4
```

यात चित्राला हात लागत नाही, फक्त आवाज एका ठरलेल्या पातळीला येतो. फाइलच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहिली की यादी आपोआप क्रमाने लागते.

कॅमेरा किती वेळ चालू ठेवायचा हेही ठरवलं. सुरुवात आणि आभार चेहऱ्यासकट, कारण आभार स्लाइडवर वाचायला कोरडे वाटतात. मधल्या भागात स्क्रीन, त्यावर बारा ओळींची यादी आणि अडथळ्यांच्या तारखा, बाकी काही नाही. ब्राउझरचे बाकीचे टॅब आणि नोटिफिकेशन्स आधी बंद, कारण एखादा खाजगी मेसेज वर सरकून गेला तर तो कायमचा रेकॉर्ड झाला.

गुरुवार, २० मार्च

सातही साधे रिपोर्ट झाले. राहिले ते पाच, आणि त्यांचा अडथळा आता वेगळाच निघाला.

ॲक्सेस मिळाला, डेटा मास्क करून मिळाला, पण पाचही रिपोर्ट चालवले की ओळी फारच कमी येत होत्या. कारण या रिपोर्टमध्ये दोन टेबलं ग्राहकाच्या फोन नंबरवरून जोडली जातात, आणि मास्किंगच्या स्क्रिप्टने प्रत्येक टेबलात त्याच नंबरच्या जागी वेगवेगळा खोटा नंबर घातला होता. मग एका टेबलातला माणूस दुसऱ्यात सापडणार कसा? मास्किंग असं हवं की तोच नंबर कुठेही आला तरी त्याच्या जागी तोच खोटा नंबर यावा, म्हणजे माहिती झाकलेली राहते आणि जोडणीही टिकते.

व्हिडिओत हे ५० सेकंदांत बसवलं आणि स्क्रीनवर दोन छोटी टेबलं दाखवली, तीन तीन ओळींची, खोट्या डेटाची. खरा डेटा तर सोडाच, मास्क केलेला डेटाही रेकॉर्डिंगमध्ये दाखवायचा नाही, ही फाइल पुढे कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं. पुढचं पाऊल: मास्किंगची स्क्रिप्ट आमच्यातलाच एक बदलतोय, सिक्युरिटी टीम सोमवार २४ पर्यंत तपासून देणार. तोपर्यंत: बाकीच्यांनी झालेल्या सात रिपोर्टची वेळापत्रकं नवीन सिस्टिमवर लावायची.

दुसरा एक अडथळा होता जो व्हिडिओत घेतला नाही. टीममधल्या एकाच्या घरी आजारपण आहे, त्याचा कामाचा वेग कमी आहे, आणि त्याच्यामुळे एक रिपोर्ट मागे पडलाय. त्याच्याशी वेगळं बोलले, काम दुसरीकडे दिलं, आणि व्हिडिओत एवढंच म्हटलं की "हा रिपोर्ट आता अमुक बघणार आहे". कारण द्यायची गरज नाही. रेकॉर्डिंगमध्ये जे जातं ते तिथेच राहतं, वर्षभराने नवीन आलेला माणूसही ते बघू शकतो, आणि एखाद्याच्या वाईट महिन्याची अशी नोंद राहावी असं मला वाटत नाही. साधी कसोटी ठेवलीय: ज्याच्याबद्दल बोलतेय तो हे वाक्य सगळ्यांसोबत बसून पहिल्यांदा ऐकणार असेल आणि त्याला ते लागेल अशी शंका असेल, तर ते वाक्य व्हिडिओत नाही, आधी त्याच्याशी फोनवर.

आभाराचंही तसंच. नाव घेऊ का असं मी आता आधी विचारते. एकीने सांगितलं की सगळ्यांसमोर नाव घेतलेलं तिला आवडत नाही, तिला मी लिहून कळवलं, आणि तिच्या वार्षिक मूल्यमापनाच्या नोट्समध्येही ते काम लिहून ठेवलं, कारण व्हिडिओतले आभार तिथे आपोआप पोचत नाहीत. एक छोटा तक्ता पण ठेवलाय, कोणत्या आठवड्यात कुणाचे आणि कशासाठी आभार मानले. तो उघडला की दिसतं कोण राहून जातंय. रात्री सर्व्हर सांभाळणारी माणसं हमखास राहतात, कारण त्यांचं काम चांगलं झालं की काहीच घडत नाही आणि न घडलेली गोष्ट आठवड्याच्या यादीत येत नाही. आज त्यांच्यापैकी एकाचे मानले: महिनाभर रात्रीचा बॅकअप एकदाही पडला नाही म्हणून आपण जुन्या महिन्यांचे आकडे बिनधास्त पुन्हा पुन्हा चालवू शकलो.

बुधवार, २६ मार्च

मास्किंगची नवीन स्क्रिप्ट सोमवारऐवजी काल संध्याकाळी मंजूर झाली. पाचांपैकी दोन रिपोर्ट आज जुळले, म्हणजे बारापैकी नऊ. उरलेले तीन १ एप्रिलच्या आत होणार नाहीत, झाले तरी तीन महिन्यांची तपासणी घाईत उरकावी लागेल, आणि घाईत जुळवलेल्या आकड्यावर मी सही करणार नाही. त्यामुळे तारीख पुढे.

अशी बातमी रेकॉर्डिंगमधून पहिल्यांदा द्यायची नाही. व्हिडिओला समोरून प्रश्न विचारता येत नाही, आणि तारीख सरकली की प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा प्रश्न येतो. आज आधी लेखा प्रमुखांना फोन केला, मग टीमसोबत दोन छोटे कॉल, दोन वेगवेगळ्या वेळांना, म्हणजे कुणाला मध्यरात्री उठावं लागू नये. ठरलं ते असं: मार्चचे रिपोर्ट जुन्या सिस्टिमवरूनच निघतील, नवीनवर सोबत चालवून बघू, आणि एप्रिल महिन्याचे १ मे रोजी नवीनवरून. टीममधून एक चांगला प्रश्न आला, की जुनी सिस्टिम आणखी महिनाभर चालू ठेवायची तर ती बंद करायला लावलेली तारीख कोण बदलणार. ती विनंती मी आजच पाठवली, नाहीतर पुढच्या आठवड्यात तोच नवीन अडथळा झाला असता.

गुरुवार, २७ मार्च

आजच्या रेकॉर्डिंगचे पहिले दहा सेकंद: "आज २७ मार्च. तारीख बदलली आहे, नवीन सिस्टिमवरून रिपोर्ट १ मेपासून, आणि याचं कारण तुम्हाला काल कळलंच आहे." आधी नऊ झाल्याचं सांगून मग हळूच तारखेवर येणं मला पटत नाही. ऐकणाऱ्याला तिसऱ्या वाक्यातच कळतं की काहीतरी राखून ठेवलंय आणि मग पुढच्या प्रगतीवर त्याचा विश्वास बसत नाही.

लेखी नोटमध्ये जुनी तारीख खोडली नाही, तिच्यापुढे नवीन लिहिली आणि बदलाचं कारण एका ओळीत. नंतर कुणी मागे जाऊन बघितलं तर काय ठरलं होतं आणि कधी बदललं हे दोन्ही दिसायला हवं.

वेळांबद्दल एक: मार्चमध्ये काही देशांची घड्याळं तासभर पुढे जातात आणि तीही वेगवेगळ्या रविवारी, अमेरिकेत यंदा ९ तारखेला गेली, युरोपात येत्या ३० ला जातील. त्यामुळे "गुरुवारी दिवस संपेपर्यंत" असं म्हणायचं सोडून दिलं. नोटमध्ये तारीख आणि यूटीसी वेळ लिहिते आणि कॅलेंडरचा दुवा देते, ज्याचं त्याचं कॅलेंडर आपापली वेळ दाखवतं.

गुरुवार, ३ एप्रिल

बारापैकी अकरा. मार्चचे रिपोर्ट परवा जुन्यावरून निघाले आणि सोबत नवीनवर चालवलेले अकरा शेवटच्या दशांशापर्यंत जुळले. आज प्रगतीला ४० सेकंद पुरले, अडथळा एकच, बाराव्या रिपोर्टमध्ये दोन जुन्या ग्राहकांचा फोन नंबर एकच निघालाय, त्यांना वेगळं कसं धरायचं हे लेखा विभाग ७ तारखेपर्यंत सांगणार. उरलेला वेळ भरून काढला नाही, रेकॉर्डिंग दोन मिनिटं दहा सेकंदांचंच झालं. तीन मिनिटं ही वरची मर्यादा आहे.

दोघांनी सुचवलं की अडथळ्यांचा भाग आधी घ्यावा, प्रगती नंतर, कारण सकाळी कामाला बसताना त्यांना आधी तेच हवं असतं. बरोबर वाटतं, पुढच्या गुरुवारपासून तसं. शिवाय व्हिडिओखाली कोणता भाग कितव्या सेकंदाला सुरू होतो ते लिहिणार, म्हणजे ज्याला फक्त अडथळे बघायचेत तो थेट तिथे जाईल.

१७ तारखेला मी रजेवर आहे. त्या आठवड्याचं अपडेट क्वेरी बघणारा सहकारी करेल. त्याला स्क्रिप्टचा साचा, आभारांचा तक्ता आणि उघड्या अडथळ्यांची यादी आज पाठवली. वरिष्ठांकडे कधी न्यायचं ते ठरवायचे अधिकारही त्या आठवड्यापुरते त्याच्याकडे, आणि तसं माझ्या वरिष्ठांना लिहून कळवलंय, कारण "या तारखेपर्यंत नाही झालं तर मी वर नेईन" हे वाक्य त्याच्या तोंडून येणार असेल तर ते खरं करायची ताकद त्याच्या हातात असायला हवी.